सोळा जीबीच्या कार्डावर साडेपस्तीस कोटींचे मॉडेल

भाषेचे मॉडेल म्हणजे आकड्यांचा प्रचंड मोठा संच. ओपनएआयने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीपीटी-२ या मालिकेतील मधल्या आकाराच्या मॉडेलमध्ये असे सुमारे ३५ कोटी ५० लाख आकडे आहेत. त्यांना भार म्हणतात. मॉडेलला मजकूर दाखवायचा, पुढचा शब्द ओळखायला लावायचा, चूक किती झाली ते मोजायचे आणि त्या चुकीवरून प्रत्येक भार किंचित हलवायचा, हे लाखो वेळा करणे म्हणजे प्रशिक्षण. कोणता भार कोणत्या दिशेने आणि किती हलवला तर चूक घटेल हे सांगणाऱ्या आकड्याला ग्रेडियंट म्हणतात. जितके भार, तितकेच ग्रेडियंट.

हे सारे आकडे जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक कार्डाच्या, स्मृतीत एकाच वेळी मावावे लागतात. एनव्हिडियाचे टेस्ला टी४ हे कार्ड २०१८ चे आहे. गूगल कोलॅबवर ते बरीच वर्षे फुकट वापरायला मिळत असल्याने असंख्य विद्यार्थ्यांचे पहिले प्रयोग त्यावरच झाले आहेत. त्याची स्मृती १६ जीबी आहे आणि प्रत्यक्ष वापराला त्यातली सुमारे १५ जीबी मिळते. जीपीटी-२ चे हे मधले मॉडेल त्यावर शिकवायचे असेल तर मिक्स्ड प्रिसिजन, ग्रेडियंट अ‍ॅक्युम्युलेशन आणि ग्रेडियंट क्लिपिंग ही तीन तंत्रे जवळजवळ नेहमी एकत्र वापरली जातात. तिन्हींना सरसकट ‘स्मृती वाचवण्याच्या युक्त्या’ म्हटले जाते. हे वर्णन बरोबर नाही, कारण तिन्हींची कामे अगदी वेगळी आहेत. एकाने उघडी ठेवलेली उणीव दुसरे भरून काढते, आणि म्हणून ती कोणत्या क्रमाने लावली जातात यावर सगळे अवलंबून असते.

आधी स्मृती कुठे खर्च होते ते पाहू. साध्या पद्धतीत प्रत्येक आकडा ३२ बिटांत, म्हणजे चार बाइटमध्ये, साठवला जातो. साडेपस्तीस कोटी भारांना १.४२ जीबी लागतात. ग्रेडियंटना तितकीच जागा लागते. भार हलवण्याचे काम बहुतेक वेळा अ‍ॅडम नावाची पद्धत करते, आणि ती प्रत्येक भारामागे आणखी दोन आकडे सांभाळते: ग्रेडियंटची चालती सरासरी आणि त्याच्या वर्गाची चालती सरासरी. म्हणजे १.४२ जीबीचे एकूण चार गठ्ठे झाले. बेरीज ५.७ जीबी. हा खर्च स्थिर आहे. एक वाक्य दाखवा की हजार, तो बदलत नाही.

दुसरा खर्च मात्र बदलता आहे. मजकूर मॉडेलच्या २४ थरांतून पुढे जाताना प्रत्येक थराची मधली उत्तरे जपून ठेवावी लागतात, कारण उलट दिशेने ग्रेडियंट काढताना ती पुन्हा लागतात. या मधल्या उत्तरांना अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. मजकुराचे तुकडे केले जातात, त्या तुकड्यांना टोकन म्हणतात, आणि हे मॉडेल एका वेळी १०२४ टोकनांचा उतारा वाचते. अशा एका उताऱ्याची अ‍ॅक्टिव्हेशन कागदावरच्या हिशेबाने ३२ बिटांत सुमारे ५.३ जीबी होतात. त्यातला मोठा वाटा अटेन्शनच्या तक्त्यांचा असतो, म्हणजे प्रत्येक टोकनाचे आधीच्या टोकनांशी नाते मोजणाऱ्या तक्त्यांचा. हे तक्ते न साठवणाऱ्या नव्या पद्धतींमध्ये हा आकडा बराच खाली येतो. येथे हिशेब मूळ पद्धतीचा धरला आहे. स्थिर ५.७, एका उताऱ्याचे ५.३ आणि किरकोळ खर्च मिळून अकरा-साडेअकरा जीबी भरतात. दुसरा उतारा बसत नाही.

येथे मिक्स्ड प्रिसिजन कामाला येते. त्याची आज रूढ असलेली मांडणी बायडू आणि एनव्हिडिया येथील संशोधकांनी २०१७ मध्ये केली. मूळ विचार असा, की गणिताचा जड भाग, म्हणजे आकड्यांच्या मोठमोठ्या तक्त्यांचे गुणाकार, १६ बिटांत करावेत आणि नाजूक भाग ३२ बिटांतच ठेवावा. टी४ कार्डावर याचा दुहेरी फायदा होतो. एक तर अ‍ॅक्टिव्हेशनची जागा जवळपास निम्मी होते, उताऱ्यामागे तीन जीबीच्या आसपास. दुसरे म्हणजे या कार्डातील टेन्सर कोअर नावाचे भाग १६ बिटांच्या गुणाकारांसाठीच बनवलेले आहेत. त्यांचा कागदोपत्री वेग सेकंदाला ६५ लाख कोटी क्रियांचा आहे, तर ३२ बिटांतला वेग सुमारे ८ लाख कोटींचा. प्रत्यक्षात इतका फरक मिळत नाही, पण जो मिळतो तो डोळ्यांत भरतो.

मात्र स्थिर खर्च या तंत्राने कमी होत नाही, आणि गैरसमज सर्वांत जास्त याच ठिकाणी होतो. ‘निम्मे बिट म्हणजे निम्मी स्मृती’ असे गृहीत धरून बसलेल्याला ५.७ जीबी तसेच्या तसे दिसतात, वर भारांच्या १६ बिटांतल्या तात्पुरत्या प्रतींचे सुमारे ०.७ जीबी वाढलेलेही दिसतात. भारांची मूळ प्रत ३२ बिटांतच का ठेवावी लागते, याचे कारण १६ बिटांच्या आकड्यांच्या रचनेत आहे. `float16` या प्रकारात १६ पैकी एक बिट चिन्हाला, पाच घातांकाला आणि दहा अंकांना मिळतात. दहा बिटांत १ नंतरची लगेचची पुढची संख्या सुमारे १.००१ येते, मधले काहीच लिहिता येत नाही. प्रशिक्षणात एका पावलाला भार साधारण ०.०००३ इतका हलतो. १ मध्ये ०.०००३ मिळवले तर `float16` मध्ये उत्तर पुन्हा १ च येते. धान्याची पोती मोजणाऱ्या काट्यावर चिमूटभर मीठ टाकावे तसे होते: काटा हलत नाही, आणि हजार वेळा वेगवेगळी चिमूट टाकून प्रत्येक वेळी नोंद घेतली तरी हलत नाही. म्हणून भारांची ३२ बिटांतली प्रत ठेवायची, बदल तिच्यात करायचा आणि गुणाकारापुरती १६ बिटांतली प्रत काढायची.

दुसरी अडचण अगदी लहान आकड्यांची आहे, आणि ती अधिक दगा देणारी आहे. `float16` मध्ये शून्याहून मोठी सर्वांत लहान संख्या सुमारे १ कोटी ६८ लाखांत एक इतकी आहे. तिच्या निम्म्याहून लहान काहीही आले की ते शून्य होते. जीपीटी-२ च्या शब्दसंग्रहात ५०,२५७ टोकन आहेत. शिकायला नुकतीच सुरुवात झालेले मॉडेल प्रत्येक टोकनाला जवळजवळ सारखीच शक्यता देते, म्हणजे सुमारे पन्नास हजारांत एक. चुकीची सरासरी दोन उताऱ्यांच्या २०४८ टोकनांवर काढली, तर मॉडेलच्या शेवटच्या टोकाला बहुतेक ग्रेडियंट या दोन आकड्यांच्या गुणाकाराने लहान होतात: दहा कोटींत एक. `float16` साठी हे शून्य आहे. चुकीची बातमी उलट दिशेने निघते आणि पहिल्याच पायरीवर तिचा मोठा भाग पुसला जातो. कोणतीही सूचना येत नाही, गणित थांबत नाही. मॉडेल फक्त वाईट शिकते.

यावरचा उपाय साधा आहे. उलट प्रवास सुरू करण्याआधी चुकीच्या आकड्यालाच एका मोठ्या संख्येने गुणायचे. गणिताच्या नियमाने सगळे ग्रेडियंट तितक्याच पटीने मोठे होतात, १६ बिटांत टिकून राहतात, आणि भार हलवण्याआधी त्यांना त्याच संख्येने भागून मूळ मापावर आणता येते. याला लॉस स्केलिंग म्हणतात. पायटॉर्च या प्रचलित साधनात ही संख्या ६५,५३६ पासून सुरू होते. दहा कोटींत एक असलेला ग्रेडियंट मग दीड हजारांत एक होतो आणि सुखरूप पोहोचतो. पण वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. `float16` मधील सर्वांत मोठी संख्या ६५,५०४. त्यापलीकडे गेले की उत्तर ‘अनंत’ येते. असा अनंत दिसला की साधन ते पाऊल सोडून देते आणि पट निम्मी करते. सलग २००० पावले सुरळीत गेली की पट दुप्पट करून पाहते. सुरुवातीला चार-दोन पावले सुटली तर काळजीचे कारण नाही. पट मात्र निम्मी-निम्मी होत १ च्याही खाली गेली, तर दोष पटीत नसून मॉडेलच्या आतच कुठेतरी आकडे फुटत आहेत असे समजावे.

गूगलने आपल्या टीपीयू चिपसाठी घडवलेला `bfloat16` हा प्रकार ही अडचण मुळातच टाळतो. त्यात आठ बिट घातांकाला दिले आहेत, म्हणून ३२ बिटांत मावणारे अगदी लहान-मोठे आकडे त्यातही मावतात आणि लॉस स्केलिंगची गरज उरत नाही. अंकांना मात्र सातच बिट मिळतात, त्यामुळे १ नंतरची पुढची संख्या १.००८ च्या जवळ जाते आणि ३२ बिटांतली मूळ प्रत अधिकच आवश्यक ठरते. एनव्हिडियाच्या २०२० नंतरच्या ए१०० सारख्या कार्डांत त्याची सोय आहे. टी४ च्या टेन्सर कोअरमध्ये ती नाही, म्हणून तेथे स्केलिंगशिवाय गत्यंतर नाही.

एवढे करून टी४ वर एकाऐवजी दोन उतारे बसतात. जीपीटी-२ च्या मूळ प्रशिक्षणात एका पावलाला ५१२ उतारे होते. दोनच उताऱ्यांवरून काढलेली दिशा फार बेभरवशाची असते. एक उतारा क्रिकेटचा आणि दुसरा पाककृतीचा असला तर भार त्या दोघांच्याच मागे ओढले जातात. ही उणीव ग्रेडियंट अ‍ॅक्युम्युलेशनने भरून निघते. त्यामागे एकच गणिती सत्य आहे: सरासरी चुकीचा ग्रेडियंट हा वेगवेगळ्या चुकांच्या ग्रेडियंटची सरासरीच असतो. म्हणून ६४ उतारे एकदम न दाखवता दोन-दोन करून ३२ वेळा दाखवायचे, दर वेळी निघणारा ग्रेडियंट आधीच्यात मिळवत जायचा आणि बत्तिसाव्या खेपेनंतरच भार हलवायचे. प्रत्येक खेपेनंतर त्या दोन उताऱ्यांची अ‍ॅक्टिव्हेशन टाकून दिली जातात. ग्रेडियंटचा १.४२ जीबीचा गठ्ठा तसाही लागणारच होता. त्यातच बेरीज होत राहते, नवी जागा लागत नाही.

स्मृती वाचते, वेळ वाचत नाही. एका पावलाला ३२ खेपांचे काम आहे आणि ते एकामागून एक करावेच लागते. खेपेगणिक चुकीला ३२ ने भागायला हवे, नाहीतर सरासरीऐवजी बेरीज होते. मिक्स्ड प्रिसिजनशी त्याचा संबंध येतो तो येथे. दहा कोटींत एक असलेला ग्रेडियंट ३२ ने भागल्यावर ३३० कोटींत एक होतो. २०४८ ला ३२ ने गुणले की नेमके ६५,५३६ येतात, म्हणजे सुरुवातीची पट हे दोन्ही भागाकार बरोबर भरून काढते आणि ग्रेडियंट पुन्हा पन्नास हजारांत एकवर येतो. तो शून्य होत नाही. तरी सोळा हजारांत एकच्या खाली `float16` मधील अंकांची अचूकता घटू लागते, त्यामुळे पट आणखी लहान झाली की नुकसान सुरू होते.

भागाकारातच एक सूक्ष्म चूकही दडलेली आहे. सगळे उतारे सारख्या लांबीचे असतील तर ३२ ने भागणे बरोबर आहे. नसतील तर नाही. समजा एका खेपेत १०० टोकन आहेत आणि त्यांची सरासरी चूक ४ आहे. दुसरीत ९०० टोकन आहेत आणि चूक २ आहे. सरासरींची सरासरी ३ येते. हजारही टोकन एकत्र मोजले तर खरी सरासरी २.२ आहे. पहिल्या पद्धतीत लहान खेपेतल्या प्रत्येक टोकनाला नऊपट वजन मिळाले. ही चूक अनेक प्रचलित साधनांत दीर्घकाळ होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले आणि हगिंग फेसच्या ट्रान्सफॉर्मर्ससह अनेक साधनांत दुरुस्ती झाली. नियम सोपा आहे: आधी सगळ्या खेपांतील टोकन मोजावे आणि प्रत्येक खेपेतील चुकांच्या बेरजेला त्या एकूण संख्येने भागावे.

ग्रेडियंट क्लिपिंग एक बाइटही वाचवत नाही. ते बिघाडापासून संरक्षण आहे. रझवान पास्कानू, टोमास मिकोलोव्ह आणि योशुआ बेंजिओ यांनी २०१३ मधील लेखात, मजकूर क्रमाने वाचणाऱ्या जुन्या जाळ्यांच्या संदर्भात, त्याची गरज दाखवली. भार बदलताना चूक कशी वर-खाली होते याचा उठाव कल्पिला, तर त्यात अधूनमधून उभे कडे येतात. कड्यावर ग्रेडियंट एकाएकी प्रचंड होतो, आणि त्या मापाचे पाऊल टाकले तर आतापर्यंत शिकलेले उधळले जाते. उपाय असा: सर्व ग्रेडियंटांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढायचे. याला नॉर्म म्हणतात. नॉर्म ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर सगळ्या ग्रेडियंटना एकाच अपूर्णांकाने गुणून तो मर्यादेवर आणायचा. दिशा तीच राहते, लांबी तेवढी कमी होते. जीपीटी-३ च्या प्रशिक्षणात ही मर्यादा १ होती, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच घेतली जाते.

अ‍ॅडम पावलाचे माप स्वतःच सांभाळतो, मग त्याला क्लिपिंग कशाला, अशी शंका रास्त आहे. उत्तर आकड्यांत पाहता येते. नेहमीचा नॉर्म ०.८ असताना एखाद्या विस्कटलेल्या उताऱ्यामुळे एकदाच ४० आला, म्हणजे पन्नासपट. अ‍ॅडम वर्गाची सरासरी ठेवतो. पन्नासचा वर्ग २५००, आणि नेहमीच्या मांडणीत नव्या आकड्याचे वजन हजारांत एक. त्यामुळे ती सरासरी १ वरून एकदम ३.५ होते. त्या पावलाला भार नेहमीच्या सुमारे तिप्पट हलतात, हे एक नुकसान. दुसरे अधिक लांबते: पाऊल या सरासरीच्या वर्गमुळाने भागले जात असल्याने पुढची पावले जवळपास निम्म्यावर येतात, आणि हा परिणाम अर्ध्यावर यायलाच सातशेच्या आसपास पावले लागतात. क्लिपिंगने ४० चा १ केला तर यातले काहीच घडत नाही.

क्लिपिंग सर्वांत शेवटी, पण योग्य जागी लागते. पायटॉर्चमध्ये हा क्रम असा लिहितात:

```python
scaler = torch.amp.GradScaler("cuda")

for i, (x, y) in enumerate(loader):
    with torch.autocast("cuda", dtype=torch.float16):
        loss = loss_fn(model(x), y) / 32
    scaler.scale(loss).backward()

    if (i + 1) % 32 == 0:
        scaler.unscale_(optimizer)
        torch.nn.utils.clip_grad_norm_(model.parameters(), 1.0)
        scaler.step(optimizer)
        scaler.update()
        optimizer.zero_grad()
```

यातली `unscale_` ही ओळ विसरली तर काय होते? ग्रेडियंट अजून ६५,५३६ पटीने फुगलेले असतात, म्हणून ०.८ चा नॉर्म ५२,००० च्या वर दिसतो. क्लिपिंग तो १ वर आणते. मग `step` त्यालाच पुन्हा ६५,५३६ ने भागते. साडेपस्तीस कोटी आकड्यांत वाटलेला तो नॉर्म इतका बारीक होतो, की शून्याने भागाकार टाळण्यासाठी अ‍ॅडम हरात मिळवतो तो एरवी नगण्य असलेला आकडा आता ग्रेडियंटच्या दहापटीहून मोठा ठरतो, आणि पावले नेहमीच्या सात-आठ टक्क्यांवर येतात. प्रोग्राम बंद पडत नाही. चूक अतिशय हळू घटते, आणि दोष शिकण्याच्या वेगावर किंवा मजकुरावर टाकला जातो. क्लिपिंग प्रत्येक खेपेला लावणेही चूकच आहे: साठत गेलेला ग्रेडियंट पुन्हा पुन्हा छाटला जातो आणि शेवटच्या खेपांना अवाजवी वजन मिळते.

हे सारे ओळखायचे तर `clip_grad_norm_` जो आकडा परत देते तो प्रत्येक पावलाला नोंदवून ठेवावा. हा छाटण्याआधीचा नॉर्म असतो आणि त्याच्याइतके बोलके दुसरे काही नाही. निरोगी प्रशिक्षणात तो सुरुवातीला मोठा असतो, मग मर्यादेच्या खाली स्थिरावतो आणि कधीमधी उसळतो. प्रत्येक पावलाला तो २५ च्या आसपास दिसत असेल तर ३२ ने भागायचे राहिले असण्याची शक्यता आहे, कारण ०.८ च्या बत्तीसपट २५.६ होते. केवळ अ‍ॅडमकडे पाहून ही चूक सापडणार नाही. ग्रेडियंट सरसकट मोठे झाले तरी त्याचे पाऊल तेवढेच राहते. तो पन्नास हजारांत दिसत असेल तर `unscale_` सुटले आहे. आणि ‘अनंत’ किंवा ‘संख्या नाही’ असे दिसले तर क्लिपिंगकडून अपेक्षा ठेवू नये, कारण त्या आकड्याला कोणत्याही अपूर्णांकाने गुणले तरी योग्य संख्या मिळत नाही. `float16` मध्ये असे पाऊल स्केलर गाळतो. `bfloat16` मध्ये स्केलर नसल्याने ही तपासणी वेगळी लिहावी लागते.

तिन्ही तंत्रे एकत्र लावूनही जीपीटी-२ चे सर्वांत मोठे, दीडशे कोटी भारांचे मॉडेल टी४ वर शिकवता येत नाही. भारामागे १६ बाइट या हिशेबाने त्याचा स्थिर खर्चच २४ जीबी होतो, आणि या तिघांपैकी एकही त्या खर्चाला हात लावत नाही. त्यासाठी अ‍ॅडमचे आकडे आठ बिटांत ठेवणे, स्थिर गठ्ठे अनेक कार्डांत वाटणे किंवा मूळ भार गोठवून थोडेच नवे भार शिकवणे असे वेगळे मार्ग आहेत. उलट, स्थिर खर्च मावत असून एकच उतारा जड जात असेल, तर काही थरांची अ‍ॅक्टिव्हेशन न जपता उलट प्रवासात ती पुन्हा काढता येतात. त्याची किंमत साधारण एका जादा पुढच्या फेरीइतक्या वेळाने चुकवावी लागते.